निलंबनाचे पहिले नव्वद दिवस

निलंबनाचा आदेश बहुधा एक-दीड पानाचा असतो आणि त्याची भाषा ठरलेली असते. पहिल्या परिच्छेदात आरोपाचा त्रोटक उल्लेख येतो. दुसऱ्यात महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम ४ चा आधार घेऊन अमुक कर्मचाऱ्याला ‘याद्वारे निलंबित करण्यात येत आहे’ असे लिहिलेले असते. मग निलंबनकाळातले मुख्यालय कोणते ते सांगितलेले असते आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ते सोडायचे नाही अशी अट घातलेली असते. खासगी नोकरी किंवा धंदा करता येणार नाही, केल्यास गैरवर्तणूक समजली जाईल आणि निर्वाह भत्त्यावरचा हक्कही जाईल, असा इशारा पुढे येतो. शेवटच्या परिच्छेदात निर्वाह भत्ता किती मिळेल ते दिलेले असते आणि खाली सही. हे निलंबन किती दिवस चालेल, ते मात्र या पानावर कुठेच नसते.

नियम ४ प्रमाणे निलंबनाचा आदेश रद्द होईपर्यंत किंवा त्यात बदल होईपर्यंत अमलात राहतो. नियमात मुदतच नसल्यामुळे पुढच्या टेबलावर कागद अडला की निलंबन वर्षानुवर्षे चालू शकते, आणि तसे ते चालतही आले आहे. ‘निलंबन ही शिक्षा नाही’ हे सेवाकायद्यातले पहिले वाक्य आहे, आणि ते खरे आहे. नोकरीचे नाते तुटत नाही, पद जात नाही, दोष सिद्ध झालेला नसतो. चौकशी निर्वेध व्हावी, साक्षीदारांवर दबाव येऊ नये, कागदपत्रांना हात लागू नये, एवढ्यासाठी माणसाला कामापासून काही काळ दूर ठेवायचे असते. पण चौकशीच सुरू झाली नाही, तर दूर ठेवण्याचे कारण उरत नाही आणि दूर ठेवणे तेवढे उरते. अशा वेळी निलंबन ही शिक्षाच होते, आणि ती आरोप सांगण्याच्या आधीच भोगावी लागते.

म्हणून निलंबित कर्मचाऱ्याने, त्याच्या घरच्यांनी आणि निलंबित करणाऱ्या अधिकाऱ्यानेही एक तारीख कॅलेंडरवर ठळक करून ठेवायला हवी. ती म्हणजे निलंबनाला तीन महिने पूर्ण होण्याची तारीख. पैशाचा आणि निलंबन पुढे चालवण्याचा, असे दोन्ही प्रश्न त्या एकाच तारखेला उभे राहतात.

घरी बसवले, पण उपाशी ठेवता येत नाही

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. एका तहसील कार्यालयातल्या महसूल सहायकावर आरोप आहे की, एक प्रकरण पुढे पाठवण्यासाठी त्याने अर्जदाराकडे पाच हजार रुपये मागितले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा लावला, त्याला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. तो ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला असता, तर अटकेच्या तारखेपासून आपोआपच निलंबित झाला असता. याला मानीव निलंबन म्हणतात. इथे तसे घडले नाही, त्यामुळे वेगळा आदेश काढावा लागला. नियुक्ती प्राधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांनी १० फेब्रुवारीला त्याला निलंबित केले.

आता त्याला मिळणार काय? हे महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१ मधला नियम ६८ सांगतो. पहिले तीन महिने, अर्धवेतनी रजेवर असता तर जेवढे रजावेतन मिळाले असते तेवढा निर्वाह भत्ता आणि त्या रकमेवर महागाई भत्ता. घरभाड्यासारखे पूरक भत्ते निलंबनाच्या दिवशीच्या पगाराच्या आधारे चालू राहतात. अट एवढीच की, ज्या खर्चासाठी ते मिळतात तो खर्च खरोखर होत असला पाहिजे.

हिशेब सोपा राहावा म्हणून समजू की त्याचे मूळ वेतन ४०,००० रुपये आहे, महागाई भत्त्याचा दर ५० टक्के आहे आणि घरभाडे भत्ता ४,००० रुपये आहे. निलंबनापूर्वी त्याला ४०,००० अधिक २०,००० अधिक ४,००० असे एकूण ६४,००० रुपये मिळत होते. निलंबनानंतर निर्वाह भत्ता २०,००० झाला. महागाई भत्ता या २०,००० वर काढायचा, म्हणून १०,०००. घरभाडे ४,०००. एकूण ३४,००० रुपये. घराचा हप्ता, मुलांची फी आणि आता वकिलाची फी हे सगळे यातूनच भागवायचे.

या रकमेतून प्राप्तिकर, सरकारी निवासस्थानाचे भाडे आणि सरकारकडून घेतलेल्या कर्जाचे व अग्रिमांचे हप्ते कापले जातात. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी मात्र निलंबनकाळात कापायची नसते. कार्यालयाने सवयीने ती कापली, तर लगेच लेखी निदर्शनास आणावे.

भत्ता मिळण्यासाठी कर्मचाऱ्याला एक काम दर महिन्याला करावे लागते. आपण या काळात कोणतीही दुसरी नोकरी, धंदा, पेशा किंवा व्यवसाय करत नाही, असे प्रमाणपत्र द्यायचे. मजकूर दोन-तीन ओळींचा असतो. निर्वाह भत्ता बंद पडल्याच्या तक्रारी पुष्कळदा याच दोन-तीन ओळींपाशी येऊन थांबतात. कर्मचारी म्हणतो, मला कोणी मागितले नाही. आस्थापना शाखा म्हणते, त्याने दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली जगदंबा प्रसाद शुक्ला यांच्या प्रकरणात याबाबत स्पष्ट भूमिका घेतली. निर्वाह भत्ता ही खैरात नाही, तो हक्क आहे. प्रमाणपत्र मागितलेच नव्हते, तर ते दिले नाही या कारणावर भत्ता रोखल्याचे समर्थन करता येत नाही. तरीही शहाणपण यातच की, प्रमाणपत्र दर महिन्याच्या ठरावीक तारखेला आवक शाखेत द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. रोज कार्यालयात येऊन हजेरीपटावर सही केली तरच भत्ता मिळेल, असेही काही ठिकाणी तोंडी सांगितले जाते. भत्त्यासाठी नियमाची अट प्रमाणपत्राची आहे, रोजच्या सहीची नाही.

एक रुपया महिना

निर्वाह भत्त्याचा हक्क आज सरळ वाटतो, पण तो तसा नेहमीच नव्हता. जुन्या मुंबई नागरी सेवा नियमांत एक परंतुक होते. फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले, अपील प्रलंबित आहे आणि तोवर कर्मचारी निलंबित आहे, अशा स्थितीत त्याला महिना १ रुपया एवढाच नाममात्र निर्वाह भत्ता द्यायचा, असे ते परंतुक म्हणत होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान या प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. निर्वाहासाठी द्यायचा भत्ता निर्वाहाला पुरलाच पाहिजे. अपिलात निर्दोष सुटण्याची शक्यता असलेल्या माणसाला तोवर एका रुपयात जगायला सांगणे म्हणजे त्याचा बचावाचा हक्कच काढून घेणे होय.

हक्क आणि बचाव यांचा हा संबंध कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका प्रकरणात आणखी उघड झाला. भारत गोल्ड माइन्समधले सुरक्षा अधिकारी कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्या घरझडतीत सोने सापडल्याचा आरोप होता. त्यांना निलंबित केले गेले, निर्वाह भत्ता मात्र दिला गेला नाही. ते केरळात आपल्या गावी होते आणि चौकशी कोलारला चालली होती. प्रवासाला पैसे नाहीत आणि प्रकृती ठीक नाही, असे त्यांनी कळवले. तरी चौकशी एकतर्फी उरकून त्यांना बडतर्फ केले गेले. त्याच घटनेवरच्या फौजदारी खटल्यात ते पुढे निर्दोष सुटले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती विभागीय चौकशी दूषित ठरवली. भत्ता न देता चौकशी चालवायची आणि माणूस हजर राहिला नाही म्हणून एकतर्फी निकाल द्यायचा, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

विभागांनीही हा निकाल आपल्या सोयीसाठी लक्षात ठेवावा. भत्ता थकवून केलेली चौकशी पुढे न्यायाधिकरणात टिकेलच असे नाही, मग आरोप कितीही खरा असो.

तीन महिन्यांनंतर भत्त्याचे काय

आपला महसूल सहायक आता मे महिन्यात आला आहे. नियम ६८ प्रमाणे पहिल्या तीन महिन्यांनंतर भत्त्याच्या रकमेचा फेरविचार होतो, आणि त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा असतो. निलंबन लांबले ते कोणामुळे?

विलंबाला कर्मचारी थेट जबाबदार नसेल, तर निर्वाह भत्ता पहिल्या तीन महिन्यांतल्या रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. आपल्या उदाहरणात २०,००० चे ३०,००० होतील, त्यावर महागाई भत्ता १५,००० आणि घरभाडे ४,०००, म्हणजे एकूण ४९,००० रुपये. उलट, तारखांना मुद्दाम गैरहजर राहणे, नोटिसा न स्वीकारणे अशा कारणांनी त्यानेच विलंब लावला असेल, तर भत्ता तेवढाच कमी करता येतो. मग निर्वाह भत्ता १०,०००, महागाई भत्ता ५,००० आणि घरभाडे ४,०००, एकूण १९,००० रुपये. ४९,००० आणि १९,००० यांतला फरक केवळ एका निष्कर्षावर अवलंबून आहे, म्हणून तो निष्कर्ष कागदावर कारणांसह यायला हवा.

ही वाढ आपोआप होत नाही, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश लागतो. कोषागारात जाणारे देयक जुन्याच दराने तयार होत राहते आणि निलंबित माणूस बहुधा कार्यालयात तोंड दाखवायला संकोचतो. त्यामुळे दोन-दोन वर्षे अर्ध्या वेतनावरच काढणारी माणसे असतात. तीन महिने पूर्ण होताच एक साधा अर्ज करावा. निलंबनाची तारीख लिहावी, आजवर दोषारोपपत्र मिळालेले नाही, किंवा मिळाले असून अमुक तारखेला उत्तर दिलेले आहे, विलंबाला मी कारणीभूत नाही, म्हणून नियम ६८ प्रमाणे भत्ता वाढवून मिळावा, एवढाच मजकूर पुरे.

दोषारोपपत्र कुठे अडते

त्याच तारखेला उभा राहणारा दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे. निलंबन पुढे चालू ठेवता येईल का?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत याचे उत्तर नियमातच आहे. केंद्राच्या १९६५ च्या शिस्त नियमांतल्या नियम १० प्रमाणे ९० दिवस संपण्यापूर्वी आढावा घेऊन मुदतवाढ दिली नाही, तर निलंबनाचा आदेश पुढे वैध राहत नाही, आणि मुदतवाढही एका वेळी १८० दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. दीपक माळी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सुमारास हेच ठामपणे सांगितले. आढावा उशिरा घेऊन संपलेले निलंबन पुन्हा जिवंत करता येत नाही.

महाराष्ट्राच्या १९७९ च्या नियमांत अशी तरतूद नाही. ती पोकळी भरली ती अजय कुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या १६ फेब्रुवारी २०१५ च्या निकालाने. संरक्षण खात्याच्या मालमत्ता विभागातला हा अधिकारी काश्मीरमधल्या जमिनीच्या ना हरकत प्रमाणपत्रांवरून २०११ मध्ये निलंबित झाला होता आणि निलंबन पुन्हा पुन्हा वाढवले जात होते. न्यायालयाने फौजदारी कायद्यातल्या एका मुदतीकडे लक्ष वेधले. गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीलाही तपास अपुरा असताना ९० दिवसांपुढे कोठडीत ठेवता येत नाही, त्याला जामिनाचा हक्क मिळतो. मग आरोपही न सांगता कर्मचाऱ्याला अमर्याद काळ निलंबित कसे ठेवता येईल? न्यायालयाने निर्देश दिला की, तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन त्यापुढे जाऊ नये, आणि बजावले असेल, तर मुदतवाढीचा सकारण आदेश काढावा. सरकारची अडचणही न्यायालयाने लक्षात घेतली. साक्षीदारांवर किंवा कागदपत्रांवर प्रभाव पडेल अशी भीती असेल, तर त्या कर्मचाऱ्याची दुसऱ्या कार्यालयात बदली करा, त्याला संबंधित व्यक्तींशी संपर्क ठेवायला किंवा अभिलेख हाताळायला मनाई करा, पण घरी बसवून ठेवू नका.

खुद्द चौधरी यांना त्या निकालाचा थेट लाभ झाला नाही, कारण तोवर त्यांना दोषारोपपत्र बजावले गेले होते. पण तत्त्व देशभर पोचले. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते स्वीकारले. दोषारोपपत्र तीन महिन्यांत बजावले असेल, तर तीन महिन्यांच्या आत आढावा घेऊन निलंबन पुढे चालू ठेवायचे की नाही याचा कारणांसह आदेश काढायचा. बजावलेच नसेल, तर निलंबन संपुष्टात आणण्यावाचून पर्याय उरत नाही, म्हणून ९० दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याची दक्षता विभागाने घ्यायची.

आता आपल्या महसूल सहायकाच्या फाइलकडे येऊ. ९० दिवस मे महिन्याच्या ११ तारखेच्या आसपास संपतात. दोषारोपपत्रात ज्ञापनासोबत चार जोडपत्रे लागतात. पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्याचा तपशील, तिसऱ्यात आरोप सिद्ध करण्यासाठीच्या कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. मसुदा करणे हे एखाद्या सरावलेल्या कारकुनाचे दोन दिवसांचे काम. अडते ते तिसऱ्या जोडपत्रापाशी. तक्रार, पडताळणीचा पंचनामा, सापळ्याचा पंचनामा, संभाषणाचे लिप्यंतर हे सगळे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या ताब्यात असते. महसूल शाखा प्रती मागणारे पत्र पाठवते. उत्तर येत नाही, किंवा तपास चालू आहे असे उत्तर येते. एक स्मरणपत्र जाते, मग दुसरे. दरम्यान कोणीतरी फाइलवर शेरा मारतो की प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने निकालाची प्रतीक्षा करावी. तो शेरा पुढचे सगळे अधिकारी मान्य करत जातात, आणि फाइल कपाटात जाते.

हा शेरा चुकीचा आहे. फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत आरोप संभवनीयतेच्या कसोटीवर तपासला जातो. एकच घटना, तेच पुरावे आणि कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर चौकशी काही काळ थांबवणे योग्य ठरू शकते. पण खटला रेंगाळला, तर ती पुन्हा सुरू करता येते, हेही पॉल अँथनी प्रकरणातच सांगितलेले आहे. फौजदारी तपास चालू असताना विभागीय कार्यवाही थांबवून ठेवण्याचा केंद्रीय दक्षता आयोगाचा निर्देश चौधरी निकालाने निष्प्रभ ठरवला. २०१९ च्या शासन निर्णयानेही लाचलुचपत प्रतिबंधक विभागावर जबाबदारी टाकली की, दोषारोपपत्रासाठी लागणारा अभिलेख त्याने संबंधित विभागाला उपलब्ध करून द्यावा. म्हणजे १० फेब्रुवारीला निलंबनाचा आदेश निघाल्यावर अभिलेख मागणारे पत्र त्याच आठवड्यात जायला हवे. एप्रिल संपता संपता ते पाठवून काही साधत नाही.

नव्वदावा दिवस उलटला तर

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ९१व्या दिवशी सकाळी कर्मचाऱ्याने सरळ कार्यालयात जाऊन खुर्चीवर बसावे, असे होत नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे निलंबनाचा आदेश रद्द करणारा दुसरा आदेश लागतो. या निकालाची व्याप्ती किती याबाबत सगळ्या उच्च न्यायालयांचे एकमतही नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२२ मध्ये म्हटले की, तीन महिने उलटले म्हणून निलंबन आपोआप संपते असे त्या निकालातून निघत नाही, प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर पाहावे लागेल. महाराष्ट्रात मात्र शासनाने स्वतःच शासन निर्णय काढून स्वतःला बांधून घेतले आहे. म्हणून इथल्या कर्मचाऱ्याच्या हातातला कागद अधिक मजबूत आहे.

त्याने करायचे ते असे. मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाचा हवाला द्यावा आणि पुनःस्थापनेची मागणी करावी. निलंबनाच्या मूळ आदेशाविरुद्ध अपीलही करता येते, त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांची असते. उत्तर आले नाही, तर राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे ‘मॅट’चा दरवाजा आहे. मुंबईत मुख्य पीठ आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगर इथे पीठे आहेत. निलंबनाच्या प्रकरणांत मॅटकडून पुष्कळदा मिळतो तो आदेश असा की, विभागाने हे प्रकरण ठरावीक आठवड्यांत निलंबन आढावा समितीपुढे ठेवावे आणि निर्णय कळवावा. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांतले शिक्षक यांच्यासाठी नियम आणि दाद मागण्याची ठिकाणे वेगळी आहेत, त्यांनी त्या नियमांवर बोट ठेवावे.

आढावा समित्यांची रचना १४ ऑक्टोबर २०११ च्या शासन निर्णयात आहे. गंभीर फौजदारी प्रकरणांत खटला लांबल्यावर निलंबितांना परत घ्यायचे की नाही हे त्या पाहतात. परत घेतले तरी पूर्वीच्याच खुर्चीवर बसवण्याची गरज नसते. जिथे लोकांशी आणि पैशाशी थेट संबंध येत नाही अशा अकार्यकारी पदावर, दुसऱ्या तालुक्यात त्याला नेमता येते. आपला महसूल सहायक अशा प्रकारे परत आला, तर तो निर्दोष ठरला असे होत नाही. खटला आणि चौकशी चालूच राहतात. फक्त सरकार ज्याला पैसे देत आहे, त्याच्याकडून काम घेऊ लागते.

दोषारोपपत्र वेळेवर बजावले असले, तरी निलंबन कायमचे चालू ठेवण्याचा परवाना मिळत नाही. तामिळनाडूतले भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी प्रमोद कुमार सहा वर्षे निलंबित होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिले की, साक्षीदारांवर प्रभाव पडेल असे काही राज्याने दाखवलेले नाही आणि निलंबन लांबवून कोणताच हेतू साधत नाही. राज्याला त्यांना पुन्हा सेवेत घेता येईल अशी वाट न्यायालयाने मोकळी केली.

त्या काळाचा हिशेब शेवटी कसा लागतो

निलंबन उठले तरी त्या महिन्यांचे काय झाले, हा प्रश्न सुटत नाही. तो काळ सेवेत धरायचा का, त्याचे पूर्ण वेतन द्यायचे का, याचा वेगळा आदेश १९८१ च्या नियमांतल्या नियम ७२ खाली काढावा लागतो. निलंबन पूर्णतः असमर्थनीय होते असे सक्षम प्राधिकाऱ्याचे मत झाले, तर तो काळ कर्तव्यकाळ ठरतो आणि आधी दिलेला निर्वाह भत्ता वजा करून बाकी सगळे वेतन मिळते. तसे नसेल, तर किती वेतन द्यायचे ते कर्मचाऱ्याला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून ठरवायचे असते, आणि ती रक्कम आधी दिलेल्या निर्वाह भत्त्यापेक्षा कमी असू शकत नाही. कार्यवाही संपण्याआधी निलंबित कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर निलंबनापासून मृत्यूपर्यंतचा काळ कर्तव्यकाळ मानून कुटुंबाला पूर्ण वेतनाची बाकी द्यायची असते. ही तरतूद पुष्कळ कुटुंबांना माहीतच नसते आणि म्हणून कोणी मागतही नाही. सेवापुस्तकात या काळाची नोंद झाली आहे का, हे निवृत्तीच्या कितीतरी आधी पाहून घ्यावे. निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडते तेव्हा कारण बहुधा हीच न झालेली नोंद असते.

या सगळ्यात तो अर्जदारही विसरता कामा नये, ज्याने लाच मागितल्याची तक्रार केली होती. निलंबनाच्या आदेशाने त्याला न्याय मिळाल्यासारखे वाटते, पण तो मिळालेला नसतो. दोषारोपपत्र न बजावता दोन वर्षे गेली, तर आरोप खरा असला तरी साक्षीदार विसरतात, बदलून जातात आणि प्रकरण ढिले होते. आरोप खोटा असेल, तर एका निरपराध माणसाची दोन वर्षे आणि त्याच्या मुलांच्या फीचे पैसे जातात. दोन्ही बाबतींत त्या काळात जनतेच्या पैशातून तीन-चतुर्थांश मूळ वेतन दिले जाते आणि त्याच्या मोबदल्यात एक फाइलही पुढे सरकत नाही. चार जोडपत्रे ९० दिवसांत पूर्ण करणे हे कोणाही जिल्हाधिकाऱ्याच्या आवाक्यातले काम आहे. म्हणून प्रत्येक निलंबनाच्या आदेशाबरोबर अभिलेख मागणारे पत्र, दोषारोपपत्राची तारीख आणि आढाव्याची तारीख हे तिन्ही त्याच दिवशी फाइलवर लिहिले जावे, आणि तारीख चुकली तर त्याचा खुलासा आस्थापना शाखेकडून घेतला जावा.